चिपाडाची किंमत : साखर कारखान्याच्या भट्टीतून वीज कशी आली, आणि इतक्या उशिरा का आली?

१/
विसाव्या शतकाचा बराच काळ साखर कारखान्यातील बॉयलर अभियंत्यावर एक चमत्कारिक जबाबदारी असे. भट्टीतले इंधन फार चांगले जळणार नाही याची काळजी त्याला घ्यावी लागे. उत्तम जळले, तर इंधन उरत असे, आणि उरलेल्या इंधनाचे काय करायचे हा प्रश्न कारखान्याला नको होता. हे इंधन म्हणजे उसाचे चिपाड, कारखान्याच्या भाषेत बगॅस. आजच्या धाग्यात या चिपाडाचा इतिहास पाहू.

२/
आधी वस्तू ओळखून घेऊ. शंभर टन ऊस गाळला की रस निघून गेल्यावर सुमारे २८ ते ३० टन बगॅस उरते. तिच्यात निम्मे पाणी, बाकीचा बहुतांश भाग तंतूंचा आणि थोडीशी न निघालेली साखर असते. वजनाने निम्मे पाणी असलेली वस्तू इंधन म्हणून वापरायची, हीच या कथेतील पहिली अडचण. गुऱ्हाळात तिच्यावरचा उपाय म्हणजे ऊन. चरकातून निघालेले चिपाड वाळत घालायचे आणि वाळल्यावर चुलवणात सारायचे.

३/
कॅरिबियन बेटांवरील मळ्यांतही अठराव्या शतकात हेच चाले. बार्बाडोससारख्या बेटावर उसासाठी जंगल तोडून झाले होते, त्यामुळे लाकूड दुर्मीळ झाले आणि वाळवलेले चिपाड हेच जळण उरले. रस आटवण्यासाठी एका ओळीत लहान-मोठ्या कढया मांडलेल्या असत. त्या रचनेला ‘जमैका ट्रेन’ म्हणत. एका टोकाला भट्टी, तिची धग ओळीखालून पुढे जाई, आणि गुलाम मजूर लांब दांड्याच्या पळ्यांनी उकळता रस एका कढईतून दुसरीत ओतत राहत. भाजणे हा त्या कामाचा नित्याचा भाग होता.

४/
उष्णतेच्या दृष्टीने पाहिले, तर जमैका ट्रेन ही मोठी उधळपट्टी होती. एक किलो पाणी उकळून त्याची वाफ करायला जितकी उष्णता लागते, तितकी त्या वाफेत साठलेली असते. उघड्या कढईतून ती वाफ छपरातून निघून जाई, आणि तिच्याबरोबर जळणाची कमाईही. आपल्या गुऱ्हाळाच्या काहिलीतही हेच घडते. रस आटवताना दरवळणारी ती दाट, गोड वाफ म्हणजे हवेत गेलेली उष्णताच.

५/
ही वाफ पकडण्याचे श्रेय नॉर्बर्ट रिलिये यांना जाते. १८०६ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेले रिलिये हे गोऱ्या मळेवाल्या पित्याचे आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय मातेचे पुत्र. पॅरिसमध्ये शिकून ते लुइझियानाला परतले आणि १८४३ साली त्यांनी बहुपरिणामी बाष्पकाचे पेटंट मिळवले. कल्पना साधी होती. एका बंद भांड्यातील रसातून निघालेली वाफ दुसऱ्या भांड्यातील रस तापवायला वापरायची, दुसऱ्यातली तिसऱ्याला द्यायची.

६/
पण शंभर अंशांच्या वाफेने शंभर अंशांवर उकळणारा रस कसा उकळेल? येथे निर्वात कामी येतो. दाब कमी केला, की पाणी कमी तापमानाला उकळते. म्हणून प्रत्येक पुढच्या भांड्यात दाब आधीच्यापेक्षा कमी ठेवला जातो. पहिल्या भांड्याची वाफ दुसऱ्यासाठी पुरेशी उष्ण ठरते, दुसऱ्याची तिसऱ्यासाठी. अशी चार भांडी जोडली, तर बॉयलरमधील एक किलो वाफ रसातले जवळपास चार किलो पाणी काढते. पळ्यांनी रस ओतणाऱ्या हातांची गरजही त्यामुळे संपली.

७/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुसरी अडचणही सुटली. ओले चिपाड न वाळवता, गिरण्यांतून निघाल्याबरोबर थेट जाळू शकणाऱ्या भट्ट्या तयार झाल्या. भट्टीच्या तापलेल्या विटांच्या धगीने आत पडणारे चिपाड आधी वाळे आणि मग पेटे. उष्णतेचा काही भाग ते पाणी उडवण्यातच खर्च होई, पण वाळवणाची अंगणे आणि तेथले मजूर वाचले. ऊस आता स्वतःचे जळण स्वतःच घेऊन कारखान्यात येऊ लागला.

८/
आता सहवीजनिर्मितीचे मूळ पाहू. कारखान्यात वाफेची दोन कामे असतात. एक म्हणजे गिरण्या फिरवणे, म्हणजेच बळ. दुसरे म्हणजे रस आटवणे, म्हणजेच ऊब. बळासाठी दाब हवा, पण उबेसाठी दाबाची फारशी गरज नसते. तेव्हा उच्च दाबाची वाफ आधी इंजिनात किंवा टर्बाइनमध्ये सोडायची, तिने काम करून दाब गमावला, की उरलेली ‘थकलेली’ वाफ रस आटवायला न्यायची. एकाच जळणातून दोन कामे. टर्बाइनला जनित्र जोडले, की पहिले काम विजेचे होते.

९/
साध्या औष्णिक केंद्रात टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ पाण्याने थंड करून पुन्हा द्रव करावी लागते. इंधनातली निम्म्याहून अधिक उष्णता त्या थंड करणाऱ्या पाण्यात वाया जाते. साखर कारखान्यात मात्र त्या उष्णतेला गिऱ्हाईक दाराशीच उभे असते : बाष्पकातला रस. म्हणून साखर कारखाना हे सहवीजनिर्मितीचे जवळजवळ नैसर्गिक ठिकाण आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक कारखाने आपली वीज याच रीतीने स्वतः बनवत होते.

१०/
मग अडले कुठे? एक हिशेब मांडू. ताशी शंभर टन ऊस गाळणारा जुना कारखाना घ्या. तीस टन बगॅसपासून त्याला सुमारे ६० टन वाफ मिळते. बॉयलरचा दाब २१ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या एकवीसपट. रस आटवण्यासाठी त्याला ५० ते ५५ टन वाफ लागते. ही वाफ टर्बाइनमधून गेली, तर दर ११-१२ किलो वाफेमागे एक युनिट वीज मिळते. म्हणजे तासाला सुमारे साडेचार हजार युनिट बळ. एवढ्यात गिरण्या फिरतात, पंप चालतात, दिवे लागतात. हिशेब जमला आणि संपला.

११/
आता त्याच उसावर नवा कारखाना उभारा. बॉयलरचा दाब ८७ बार, वाफेचे तापमान ५१५ अंश. अशी एक किलो वाफ बनवायला जुन्यापेक्षा फक्त १२ टक्के अधिक उष्णता लागते, आणि तेवढी तर नव्या बॉयलरच्या सुधारलेल्या कार्यक्षमतेतूनच निघते. पण टर्बाइनमधून रसाच्या बाष्पकाकडे जाताना तीच वाफ जवळपास दुप्पट वीज देते. पाणी उकळण्याची मोठी उष्णता दोन्हीकडे एकदाच मोजावी लागते. वरचा जास्तीचा दाब थोड्या जळणात पदरात पडतो. या विषयातील हे एक वाक्य लक्षात ठेवले तरी पुरे.

१२/
हिशेब पूर्ण करू. बाष्पक आणि पाक शिजवण्याची भांडी सुधारून नवा कारखाना ४२ टन वाफेत काम भागवतो. तेवढी वाफ बळ देऊन रसाकडे जाते. उरलेली सुमारे १८ टन वाफ टर्बाइनमध्ये शेवटपर्यंत प्रसरण पावून वीज देते आणि मग थंड केली जाते. दोन्ही मिळून तासाला सुमारे ११ हजार युनिट. कारखाना आणि वीजकेंद्र मिळून चार हजारांच्या आसपास वापरतात. सात हजार युनिट तारेवरून बाहेर जाऊ शकतात. ऊस तोच, चिपाडही तेवढेच.

१३/
या भौतिकशास्त्रात रहस्य असे काहीच नव्हते. शहरांतली वीजकेंद्रे उच्च दाबाचे बॉयलर कितीतरी आधीपासून वापरत होती. साखर कारखान्याने ते घेतले नाहीत, कारण जास्तीची वीज विकत घेणारा कोणी नव्हता. आणि चिपाड साठवणे हा निव्वळ मनस्ताप. रोज २,५०० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात दहा टक्के बगॅस उरली, तरी दिवसाला ७५ टन. ती इतकी फुसफुशीत, की सुमारे ६०० घनमीटर जागा व्यापते. ढीग आतून आंबतो, तापतो आणि कधी स्वतःहून पेटतो. कागद गिरणी जवळ असेल तर थोडी विकली जाई. नाहीतर सर्वांत सोपी वाट एकच : बॉयलरमध्ये वाईट रीतीने जाळून संपवणे.

१४/
हे चक्र कसे तुटले, हे पाहायला मॉरिशसइतके चांगले ठिकाण नाही. तेथे ना कोळसा, ना तेल, आणि शेतजमिनीचा बहुतेक भाग उसाखाली. १८३४ पासून या उसासाठी भारतातून करारबद्ध मजूर नेले गेले. त्यांत कोकणातून गेलेले मराठी भाषकही होते. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी मानसिकता, सण आणि भाषा जपून आहेत. १९५७ साली बेटाच्या उत्तर भागातील सेंट अँटोइन कारखान्याने आपली शिल्लक वीज सार्वजनिक जाळ्याला देण्यास सुरुवात केली.

१५/
पण ही वीज लहरी होती. कारखान्याला नको असेल तेव्हा मिळणारी, गिरणी थांबली की बंद पडणारी. तिच्यावर विसंबून वीजमंडळ स्वतःचे एकही केंद्र कमी करू शकत नव्हते, म्हणून तिची किंमतही किरकोळ असे. पुढे मॉरिशसमध्ये या विजेचे तीन प्रकार मानले गेले : अधूनमधून मिळणारी, गाळपाच्या हंगामात सलग मिळणारी, आणि वर्षभर हमखास मिळणारी. दर वाढत गेला तो याच क्रमाने. ग्राहक युनिटांबरोबर हमीचेही पैसे देत होता.

१६/
१९७३ च्या तेलसंकटानंतर आयात तेलावर चालणाऱ्या बेटाला ही हमी मोलाची वाटू लागली. १९८० च्या दशकात बगॅस आणि कोळसा दोन्ही जाळू शकणारी केंद्रे आली. १९८८ च्या साखर उद्योग कार्यक्षमता कायद्याने उद्योगाला सवलती दिल्या, आणि १९९१ मध्ये खास बगॅस ऊर्जा विकास कार्यक्रम आखला गेला. २००० साली बेल व्हू येथे ८२ बार दाबाचे, प्रत्येकी ३५ मेगावॉटचे दोन संच सुरू झाले. हंगामात बगॅस, हंगामाबाहेर कोळसा. हमीची ही दुसरी बाजू विसरू नये. ‘उसाची वीज’ म्हणवणाऱ्या केंद्रातला मोठा वाटा कोळशाचा असू शकतो.

१७/
उच्च दाबाबरोबर नव्या जोखमीही आल्या. बाष्पकातून थंड होऊन परतणारे पाणी बॉयलरला पुन्हा वापरले जाते. बाष्पकाच्या नळीला छिद्र पडले किंवा रस उसळून वाफेबरोबर गेला, तर साखर त्या पाण्यात शिरते. बॉयलरमध्ये ती विघटित होऊन आम्ल बनते, पाणी फेसाळते, नळ्या कुरतडल्या जातात. २१ बारला जे निभावते ते ८७ बारला निभावत नाही. म्हणून प्रयोगशाळेत या पाण्याचा नमुना वारंवार तपासतात. त्यात अल्फा-नॅप्थॉल टाकून वरून सावकाश सल्फ्युरिक आम्ल सोडतात. जांभळे कडे दिसले, की साखर आली. मग ते पाणी तत्काळ बॉयलरपासून तोडावे लागते.

१८/
दुसरी मर्यादा ओलाव्याची. शेवटच्या गिरणीचा दाब सैल पडला, की बगॅसमधले पाणी ५० टक्क्यांवरून ५३-५४ वर जाते. आकडा किरकोळ दिसतो. पण भट्टीची धग मंदावते, वाफेचा दाब हलू लागतो, आणि वाफ कमी पडली की गिरण्यांचा वेग उतरतो. त्यामुळे बगॅस आणखी ओली येते. अनुभवी बॉयलर कर्मचारी मूठभर बगॅस दाबून अंदाज घेतो. प्रयोगशाळा मोजलेला नमुना भट्टीत वाळवून, पुन्हा तोलून नेमका आकडा देते.

१९/
आता महाराष्ट्र. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले. त्या वाटेने उभे राहिलेले सहकारी कारखाने बहुतांशी जुन्या हिशेबाचेच होते : कमी दाबाचे बॉयलर आणि स्वतःपुरती वीज. दर हंगामाच्या तोंडावर बॉयलरचे अग्निप्रदीपन थाटात होई, पण त्या अग्नीतून बाहेर विकण्याजोगे काही निघावे अशी अपेक्षा नसे.

२०/
येथेही चक्र तुटले ते ग्राहक मिळाल्यावर. २००२ साली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने बगॅसवरील सहविजेच्या खरेदीचा दर आणि अटी ठरवून दिल्या. २००३ च्या केंद्रीय विद्युत कायद्याने सहवीजनिर्मितीला चालना देणे हे राज्य आयोगांचे कामच ठरवले. ठरलेला दर आणि दीर्घ मुदतीचा करार हाती आला, की बँक कर्ज देते. कर्ज मिळाले, की उच्च दाबाचा बॉयलर येतो. यंत्र जुनेच होते, नवा होता तो करार.

२१/
आणि मग तो प्रश्न आला, जो शंभर वर्षे कोणी विचारलाच नव्हता : चिपाड कोणाचे? शेतकरी ऊस विकतो तेव्हा साखरेचा भाव पाहून किंमत ठरे. चिपाड कारखान्यात राहून जळे. ते निरुपयोगी होते तोवर यात कोणाचे काही बिघडत नव्हते. आता त्याच चिपाडाची वीज विकून पैसे येऊ लागले. मॉरिशसमध्ये १९९४ साली ‘शुगर इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट’ स्थापून ऊस उत्पादक आणि कामगार यांना उद्योगाच्या मालकीत भाग देण्यात आला, आणि पुढे वीजकेंद्रांतही त्या ट्रस्टचा हिस्सा आला.

२२/
भारतात रंगराजन समितीने २०१२ साली सूत्र सुचवले. साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड या उपपदार्थांच्या मिळून उत्पन्नातले ७० टक्के उसाच्या किमतीपोटी शेतकऱ्याला द्यावेत, किंवा केवळ साखरेच्या उत्पन्नातले ७५ टक्के. महाराष्ट्राने २०१३ च्या ऊसदर विनियमन कायद्याने उत्पन्नाच्या वाटणीचे तत्त्व स्वीकारले. पण खाच बारकाईने पाहा. सूत्रात बगॅसचे मोल धरले जाते, तिच्यापासून झालेल्या विजेचे नाही. बगॅसचा भाव किती लावायचा, यावर शेतकऱ्याचा वाटा ठरतो. बॉयलर आणि टर्बाइनचे कर्ज कारखान्याच्या डोक्यावर असते, हा कारखान्याचा युक्तिवादही खोटा नाही. वाद म्हणूनच मिटत नाही.

२३/
कथेला आणखी एक वळण आहे. २०१७ साली राजस्थानातील भडला येथील लिलावात सौर विजेचा दर युनिटला २ रुपये ४४ पैशांपर्यंत खाली आला. त्यापुढे बगॅसची वीज महाग वाटू लागली. सौर वीज रात्री मिळत नाही आणि कारखान्याची टर्बाइन हंगामात रात्रंदिवस चालते, हे खरे. पण कारखान्याचा हंगाम साधारण चार-पाच महिन्यांचा असतो, हेही तितकेच खरे. मॉरिशसमधला जुनाच प्रश्न पुन्हा समोर आला : ग्राहकाला किती युनिट हवेत, आणि कोणत्या वेळी?

२४/
गुऱ्हाळाच्या अंगणात वाळत पडलेले चिपाड जळण होते. जुन्या कारखान्यात ते ओझे झाले. करार आल्यावर ते मालमत्ता झाले, आणि मालमत्ता झाल्याबरोबर त्याला वाटेकरी मिळाले. या सगळ्या काळात चिपाड मात्र बदलले नाही. ते आजही निम्मे पाणीच आहे. गाळप हंगामात कारखान्याच्या धुराड्यातून पांढरट लोट दिसला, तर त्यात बरीचशी वाफ त्याच पाण्याची असते. भट्टीने मोल देऊन उडवलेली, आणि अजून कोणी न पकडलेली.

(धागा समाप्त)